कंपनी, गॅझेट आणि तीस दिवस

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये स्टीलची भांडी घडवणाऱ्या कारखानदाराचा माल एखादी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी उचलते. मीरा रोडच्या एखाद्या सोसायटीची जमीन इमारत उभी राहून वीस वर्षे झाली तरी बिल्डरच्या कंपनीच्याच नावावर असते. अशा कंपनीचा फोन लागेनासा झाला, पाटी उतरली, की दोन तऱ्हेच्या बातम्या कानावर येतात. एक म्हणजे "गॅझेटमध्ये आलंय, कंपनी खलास." दुसरी याच्या अगदी उलट: "गॅझेटमध्ये काहीच नाही, म्हणजे कंपनी ठणठणीत आहे." दोन्ही बातम्यांवर विसंबून लोक पैसे सोडून देतात किंवा नको तिथे अडकवून बसतात. कंपनीच्या आयुष्यातल्या काही ठरावीक घटनाच राजपत्रात येतात, त्याही ठरावीक टप्प्यावर. बाकीच्या घटनांबद्दल ते गप्प असते, आणि त्या गप्प राहण्याला काहीही अर्थ नसतो.

गैरसमज: कंपनीने नाव बदलले, की ते गॅझेटमध्ये छापून येतेच.

येत नाही. कंपनीच्या नावबदलाची राजपत्रात प्रसिद्धी करण्याची अट 2013 च्या कंपनी कायद्यात नाही. कलम 13 नुसार भागधारकांनी विशेष ठराव करायचा, केंद्र सरकारची म्हणजे व्यवहारात कंपनी निबंधकांची मंजुरी घ्यायची, मग निबंधक नोंदवहीत जुन्याच्या जागी नवे नाव लिहून नवे प्रमाणपत्र देतात. ते प्रमाणपत्र निघाले त्या दिवशी नाव बदलले. वाटेत गॅझेट कुठेही लागत नाही.

तरीही हा समज इतका घट्ट का, हे समजण्यासारखे आहे. महाराष्ट्रात सामान्य माणसाची गॅझेटशी पहिली ओळख होते तीच नावबदलातून. लग्नानंतरचे आडनाव, दाखल्यावरची चुकलेली वेलांटी, वडिलांचे नाव लावायचे राहून गेलेले. यासाठी शासकीय मुद्रण विभागाकडे अर्ज भरायचा आणि राजपत्रातले ते पान पासपोर्टपासून बँकेपर्यंत दाखवत फिरायचे, हा घरोघरीचा अनुभव आहे. शिवाय एखाद्या मोठ्या बँकेचे नाव बदलले, की रिझर्व्ह बँकेची अधिसूचना भारताच्या राजपत्रात येते आणि वर्तमानपत्रे तसा उल्लेख करतात. माणसाला लागते, बँकेला लागते, मग कंपनीला लागत असणारच, हा तर्क सरळ आहे. फक्त कायदा तसा नाही. बँकेच्या बाबतीत ती अधिसूचना निघते ती रिझर्व्ह बँकेच्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीतली नोंद बदलावी लागते म्हणून. साध्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे नाव अशा कोणत्याही अनुसूचीत नसते.

मग नावबदल कळायचा कसा? कायद्याने त्याची सोय कंपनीच्याच पाटीवर आणि कागदावर केली आहे. कलम 12 प्रमाणे गेल्या दोन वर्षांत नाव बदललेल्या कंपनीने नव्या नावाबरोबर जुने नावही कार्यालयाबाहेरच्या फलकावर, पत्रशीर्षावर आणि बिलांवर लिहिले पाहिजे. अनेक कंपन्या ते लिहीत नाहीत, हा वेगळा भाग. दुसरी खूण जास्त भरवशाची. प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो, त्याला सीआयएन म्हणतात. त्यात कंपनी सूचीबद्ध आहे की नाही, तिचा उद्योग, नोंदणीचे राज्य, स्थापनेचे वर्ष आणि प्रकार अशी माहिती सांकेतिक रूपात असते, आणि शेवटचे सहा अंक म्हणजे नोंदणी क्रमांक. नाव बदलल्याने हा क्रमांक बदलत नाही. जुन्या बिलावरचा सीआयएन आणि नव्या पत्रावरचा सीआयएन एकच असेल, तर समोरची कंपनी तीच आहे, तिचे करार तेच आहेत आणि तिची देणीही तीच आहेत. "आता आमची कंपनी वेगळी, जुन्या कंपनीशी आमचा संबंध नाही," असे कोणी सांगू लागला, तर वाद न घालता दोन कागद शेजारी ठेवून एकवीस अक्षरे जुळवावीत. मात्र कंपनी दुसऱ्या राज्यात गेली, प्रायव्हेटची पब्लिक झाली किंवा शेअर बाजारात सूचीबद्ध झाली, तर हा क्रमांक बदलू शकतो. तेव्हा नुसता फरक दिसला म्हणून कंपनी वेगळी आहे असेही मानू नये.

गैरसमज: कंपन्यांच्या नोटिसा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात शोधायच्या.

कंपनी कायदा केंद्राचा, निबंधकही केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचे. त्यामुळे त्यांच्या नोटिसा भारताच्या राजपत्रात येतात. राज्याच्या राजपत्राची वर्षानुवर्षांची पाने उलटून "कंपनीचे नाव कुठेच नाही" असा निष्कर्ष काढणारे चुकीच्या दारावर थाप देत असतात. गोंधळ होतो तो भागीदारी संस्थेमुळे. 1932 च्या भागीदारी कायद्यात संस्थेच्या विसर्जनाची जाहीर सूचना राजपत्रात आणि त्या जिल्ह्यात वाचल्या जाणाऱ्या देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यायची तरतूद आहे, आणि फर्मची नोंदणी राज्य सरकारकडे असते. जुन्या पिढीतल्या व्यापाऱ्याने आयुष्यभर फर्मशीच व्यवहार केलेला असतो. त्याला ठाऊक असलेले खरेच असते, पण ते फर्मपुरते.

भारताचे राजपत्र 2015 च्या ऑक्टोबरपासून छापील स्वरूपात निघत नाही. ते egazette.gov.in या संकेतस्थळावर फुकट वाचता आणि उतरवून घेता येते.

गैरसमज: राजपत्राच्या यादीत नाव आले, म्हणजे कंपनी बंद झाली.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज हाच, म्हणून याच्यापाशी थोडे थांबू.

नोंदवहीतून कंपनीचे नाव काढणे, ज्याला सगळे स्ट्राइक ऑफ म्हणतात, ते कलम 248 खाली होते आणि त्याला दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत निबंधक स्वतःहून पाऊल उचलतात: कंपनीने स्थापनेनंतर वर्षभरात धंदाच सुरू केला नाही, लागोपाठ दोन आर्थिक वर्षे काहीच कामकाज केले नाही आणि सुप्त कंपनीचा दर्जाही मागितला नाही, अशी कारणे असतात. दुसऱ्या वाटेत कंपनी स्वतः अर्ज करते: देणी फेडली, आता आम्हाला मोकळे करा. 1 मे 2023 पासून असे अर्ज देशभरातून हरियाणातील मानेसर येथील एका केंद्रीय कार्यालयाकडे जातात. ठाण्यात नोंदलेल्या कंपनीच्या नोटिशीत मानेसरचा पत्ता पाहून ती बनावट असल्याची शंका घेऊ नये.

राजपत्रात या प्रवासाचे दोन टप्पे दिसतात आणि ते नोटिशीच्या माथ्यावरच्या नमुना क्रमांकावरून ओळखू येतात. निबंधकांनी स्वतःहून उचललेल्या कारवाईची जाहीर सूचना STK-5 या नमुन्यात असते, कंपनीने मागितलेल्या स्ट्राइक ऑफची STK-6 मध्ये. दोन्ही फक्त प्रस्ताव आहेत. त्यांत म्हटलेले असते की, ज्याला हरकत असेल त्याने तीस दिवसांत कळवावी. त्यानंतर, हरकती विचारात घेऊन, STK-7 निघते. त्या प्रसिद्धीनंतर मात्र कंपनी विसर्जित. पहिल्या नोटिशीच्या आधीचा एक टप्पाही आहे: निबंधकांच्या कारवाईत कंपनीला आणि संचालकांना STK-1 हे पत्र जाते. ते खाजगी असते, बाहेरच्या माणसाला दिसत नाही.

समज पटतो तो 2017 मुळे. त्या वर्षी सरकारने निष्क्रिय कंपन्यांवर एकदम कारवाई केली. 2,09,032 कंपन्यांची नावे काढल्याचे आणि त्यांच्या बँक खात्यांवर निर्बंध आणल्याचे सरकारने सप्टेंबरमध्ये जाहीर केले. शेकडो नावांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या, त्या फोनवरून फिरल्या, आणि पाहणाऱ्याच्या मनात यादी म्हणजे शेवट हे समीकरण बसले. यादी कोणत्या नमुन्यातली, प्रस्तावाची की अंतिम, हे फिरणाऱ्या चित्रात कापलेले असायचे.

प्रत्यक्षात काय होते ते एका कल्पित उदाहरणावर पाहू. समजा, भाईंदर पूर्वेच्या एका बफिंगवाल्याचे एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडे 4,80,000 रुपये थकले आहेत. 3 मार्चच्या राजपत्रात त्या कंपनीचे नाव STK-6 खाली आले. पहिला दिवस सोडून मोजले तर तिसावा दिवस येतो 2 एप्रिलला. एवढा वेळ त्याच्या हातात आहे, आणि ही संधी त्याला वाटते त्याहून बळकट आहे. कारण कंपनीने स्वतः अर्ज केला आहे, म्हणजे आपण देणी मिटवली आहेत असे म्हणूनच केला आहे. अर्जासोबत संचालकांचे शपथपत्र आणि भरपाईचे हमीपत्र जोडावे लागते. मालमत्ता आणि देण्यांचे विवरण सनदी लेखापालाकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. त्या विवरणात 4,80,000 रुपयांची नोंद नसेल, तर बफिंगवाल्याचे हरकतपत्र त्या शपथपत्रालाच आव्हान देते. फसवणुकीच्या हेतूने असा अर्ज केल्याचे आढळले, तर कलम 251 खाली व्यवस्थापनातली माणसे देण्यांना व्यक्तिशः जबाबदार धरली जाऊ शकतात.

हरकत पाठवायला वकील लागतोच असे नाही. नोटिशीत दिलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर एक पानाचे पत्र पुरते: कंपनीचे नाव, सीआयएन, राजपत्राची तारीख, थकलेली रक्कम, ती कशाची आणि केव्हापासूनची. सोबत बिले, माल पोचल्याच्या सहीची चलने, खातेउतारा आणि पैसे मागितल्याचे संदेश. "यांनी आम्हाला फसवले" अशा मजकुराने पान भरले, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती काही लागत नाही. नाव काढण्यापूर्वी देण्यांची पुरेशी तजवीज झाली आहे याची खात्री करून घेणे निबंधकांवर कलम 248 च्याच पोटकलम 6 ने बंधनकारक आहे, आणि ती खात्री डळमळीत होते ती आकड्याने आणि कागदाने. एकच काळजी: हीच नोटीस मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात वेगवेगळ्या दिवशी झळकू शकते. तीस दिवस मोजताना त्यातली सगळ्यात आधीची तारीख धरावी.

एक मर्यादाही सांगायला हवी. हरकतीने स्ट्राइक ऑफ थांबू शकते, पैसे वसूल होत नाहीत. निबंधक हे दिवाणी न्यायालय नव्हे. वसुलीचा दावा वेगळाच लावावा लागतो आणि त्याची तीन वर्षांची मुदत या सगळ्या धावपळीत चालूच असते.

गैरसमज: नाव जुळले, म्हणजे तीच कंपनी.

साई, ओम, श्री, गणेश, पद्मावती. मीरा रोड स्टेशनपासून काशिमीऱ्यापर्यंतच्या पाट्या वाचत गेले, तर निम्म्या कंपन्या एकाच कुटुंबातल्या वाटतील. राजपत्रातली यादी फक्त नाव आणि क्रमांक देते, पत्ता आणि संचालक देत नाही. "बिल्डकॉन" आणि "बिल्डकॉम" यांतला फरक घाईत सुटतो, आणि भलत्याच कंपनीच्या मरणाची बातमी इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर पोचते. इथेही उपाय सीआयएनचाच. तो बिलावर किंवा पत्रशीर्षावर छापलेला असायला हवा. करारनाम्यातही बहुधा सापडतो.

गैरसमज: कंपनी दिवाळखोरीत निघाली, तर ते आधी गॅझेटमध्ये कळेल.

हा समज निराधार नाही, जुना आहे. 1956 च्या कायद्यात कंपनीने स्वेच्छेने अवसायनात जाण्याचा ठराव केला, की चौदा दिवसांत त्याची जाहिरात राजपत्रात आणि वर्तमानपत्रात द्यावी लागे. त्या काळात हिशेब लिहिणाऱ्यांनी पुढच्यांना हेच शिकवले. पण 2016 च्या दिवाळखोरी संहितेने चित्र पालटले. कर्ज फेडता न येणे हा विषय कंपनी कायद्यातून उचलून संहितेत गेला, 1 एप्रिल 2017 पासून स्वेच्छा अवसायनही तिकडेच गेले, आणि संहितेखालच्या जाहीर घोषणा राजपत्रात द्यायच्या नसतात. त्या एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात, कंपनीचे संकेतस्थळ असेल तर त्यावर, आणि दिवाळखोरी मंडळाच्या ibbi.gov.in या संकेतस्थळावर येतात.

पश्चिम रेल्वेच्या या पट्ट्यात लोकांना आठवणारे उदाहरण एचडीआयएलचे. ऑगस्ट 2019 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने बँक ऑफ इंडियाच्या अर्जावर त्या कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू केली. अशा प्रक्रियेत नेमला गेलेला व्यावसायिक तीन दिवसांत जाहीर घोषणा करतो आणि धनकोंकडून नियमाप्रमाणे चौदा दिवसांत दावे मागतो. घर नोंदवलेल्या ग्राहकालाही 2018 च्या दुरुस्तीनंतर वित्तीय धनको मानले जाते आणि त्यानेही आपला दावा ठरलेल्या नमुन्यात भरायचा असतो. राजपत्राकडे डोळे लावून बसलेला ग्राहक इथे चौदा दिवस नुसता वाट पाहत राहील. उशिरा आलेले दावे स्वीकारण्याची काही सोय आहे, पण उशीर झालेला माणूस रांगेच्या शेवटी उभा राहतो हे उघड आहे.

न्यायाधिकरणामार्फत होणारे अवसायन मात्र अजून कंपनी कायद्यात उरले आहे: फसवणुकीचा कारभार, लागोपाठ पाच वर्षे ताळेबंद न भरणे, किंवा न्याय्य आणि उचित वाटेल अशी कारणे. या प्रकारात राजपत्राला जागा आहे, पण क्रम पाहण्यासारखा आहे. अवसायनाचा अर्ज सुनावणीच्या निदान चौदा दिवस आधी वर्तमानपत्रांत जाहीर होतो. आदेश झाल्यावर तो निबंधकांकडे जातो आणि मग, कलम 277 प्रमाणे, निबंधक राजपत्रात तशी अधिसूचना काढतात. म्हणजे विरोध करायची किंवा पाठिंबा द्यायची वेळ वर्तमानपत्राने कळवलेली असते. राजपत्र येते ते निकाल लागल्यावर. हा आदेश, धंदा पुढे चालू ठेवला नसेल तर, कर्मचाऱ्यांना आणि कामगारांना कामावरून कमी केल्याची सूचनाही मानला जातो. कामगाराने पगाराचा आणि उपदानाचा दावा अवसायकाकडे मांडायचा, तो मालकाच्या नव्या कंपनीच्या दारात नव्हे.

वाचणाऱ्याने म्हणून एवढे ओळखायला हवे की हातातली नोटीस कोणत्या घरची आहे. "कंपनी निबंधक" आणि STK हे शब्द असतील तर नाव काढण्याची. "अंतरिम समाधान व्यावसायिक" किंवा "अवसायक" आणि दाव्यांची शेवटची तारीख असेल तर दिवाळखोरी संहितेची. पहिल्यात हरकत पाठवायची असते, दुसऱ्यात दावा. हरकतीच्या जागी दावा आणि दाव्याच्या जागी हरकत पाठवून मुदत घालवल्याच्या तक्रारी लेखापालांच्या कार्यालयांत नेहमीच्या आहेत.

गैरसमज: STK-7 निघाली, म्हणजे थकबाकी बुडाली.

मालकांना हा समज सोयीचा आणि धनकोंना तो पटतो, कारण मेलेल्याकडून कोण वसूल करणार? नोटिशीतला "विसर्जित" हा शब्दही तेच सुचवतो. कलम 250 सांगते की, कंपनीचे काम थांबते, तिचे प्रमाणपत्र रद्द झाल्याचे मानले जाते. आणि लगेच अपवाद जोडते: कंपनीला येणे असलेल्या रकमा वसूल करणे आणि देणी भागवणे एवढ्यापुरते ते रद्द होत नाही. कलम 248 च्या पोटकलम 7 प्रमाणे संचालक, व्यवस्थापक आणि इतर अधिकारी यांची जी जबाबदारी होती ती कंपनी विसर्जित झालीच नाही असे धरून चालू राहते. ही जबाबदारी नव्याने निर्माण होत नाही, हे मात्र लक्षात घ्यावे. संचालकाने व्यक्तिशः हमी दिलीच नसेल, फसवणूक केलीच नसेल, तर कंपनीचे साधे देणे केवळ कंपनी गेली म्हणून त्याच्या घरावर चढत नाही.

जुन्या कायद्याखालच्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये गोपालश्री स्क्रिप्स या कंपनीबाबत निकाल दिला. प्राप्तिकर खात्याचे अपील चालू असताना कंपनीचे नाव काढले गेले होते, म्हणून राजस्थान उच्च न्यायालयाने अपील निरर्थक ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. नाव गेले तरी दायित्वाचा प्रश्न उरतो, तेव्हा अपील गुणवत्तेवर ऐका, असे सांगून प्रकरण परत पाठवले.

कंपनी पुन्हा जिवंतही करता येते. कलम 252 खाली न्यायाधिकरणाकडे जायच्या दोन मुदती आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. निबंधकांच्या आदेशाने व्यथित झालेली कोणतीही व्यक्ती तीन वर्षांत अपील करू शकते. कंपनी स्वतः, तिचा सभासद, धनको किंवा कामगार यांना मात्र राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून वीस वर्षे मिळतात. आधीच्या उदाहरणातला बफिंगवाला धनको आहे, त्याला लांबची मुदत आहे. अर्थात कंपनी उठवून बसवली तरी त्याचा मूळ दावा मुदतीत असावा लागतोच. सोसायटीचे तसे नाही. बिल्डरच्या कंपनीने जमिनीचे अभिहस्तांतरण करून दिले नाही म्हणून सोसायटी "धनको" ठरते का, यावर वाद घातला जाऊ शकतो. त्यामुळे सोसायटीने तीन वर्षांचीच मुदत धरून चालावे. बिल्डरची सही न घेता मानीव अभिहस्तांतरण मिळवण्याचा मोफा कायद्यातला मार्ग ठाण्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे आहे आणि कंपनी नोंदवहीतून गेल्याने तो अर्ज करण्याची गरज संपत नाही, उलट वाढते. फक्त प्रतिवादी म्हणून विसर्जित कंपनीचे नाव लिहिण्याआधी ती कोणत्या तारखेला विसर्जित झाली, हे राजपत्राच्या प्रतीवरून पक्के करावे. त्या तारखेनंतर त्या कंपनीच्या नावाने कोणी जमिनीचा दस्त केला असेल, तर तिथे प्रश्न विचारायलाच हवा.

गैरसमज: गॅझेट नियमाने चाळत राहिले, की सगळे वेळेत कळते.

कष्टाळू माणसाचा हा गैरसमज आहे. राजपत्राच्या अनेक प्रती स्कॅन केलेल्या असतात. त्यांत शब्द टाकून शोधले तर काही सापडत नाही, आणि "सापडले नाही" याचा अर्थ "नाही" असा घेतला जातो. मंत्रालयाचे नाव आणि तारखांची मर्यादा निवडून प्रत उघडायची आणि डोळ्यांनी यादी वाचायची, हाच मार्ग उरतो. रोज हे करणे कोणालाच शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. mca.gov.in वर कंपनीची मूळ माहिती पाहिली, तर तिची सद्यस्थिती एका ओळीत असते: सक्रिय, नाव काढण्याच्या प्रक्रियेत, नाव काढलेली, अवसायनात, दिवाळखोरी प्रक्रियेत. त्याच पानावर शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा, हेही असते. ती तारीख दोन वर्षे मागची असेल, तर राजपत्रात काही नसतानाही पुढे काय येऊ घातले आहे याचा अंदाज बांधता येतो. मोठी उधारी असलेल्या व्यापाऱ्याने महिन्याकाठी एकदा ही ओळ पाहिली, तर तीस दिवसांची खिडकी सहसा हुकत नाही. "मला नोटीस मिळालीच नाही" ही सबब जाहीर सूचनेपुढे फारशी चालत नाही, कारण ती प्रत्येकाला टपालाने पाठवायची नसतेच.

स्थिती बदललेली दिसली, की मग राजपत्राकडे जावे, आणि तिथे मात्र नीट जावे. प्रत्येक अंकाच्या माथ्यावर CG ने सुरू होणारा ओळख क्रमांक असतो, त्यातच प्रसिद्धीची तारीख गुंफलेली असते. संपूर्ण अंक उतरवून घ्यावा. फक्त आपल्या कंपनीच्या ओळीचे छायाचित्र काढून ठेवले, तर नमुना STK-5 होता की STK-7, हेच पुढे सांगता येत नाही.